घाटीखालचा एक सेंटिमीटर

वाचता वाचता हनुवटी जरा वर करा आणि तर्जनी गळ्याच्या मध्यरेषेवर ठेवा. पुरुष असाल तर घाटी, म्हणजे कंठमणी, लगेच बोटाला लागेल. बायकांची घाटी तितकी पुढे आलेली नसते, थोडी शोधावी लागते. तिच्या वरच्या कडेला एक खाच आहे. तिथून बोट न उचलता हलकेच खाली सरकवा. आधी टणक उतार लागेल, मग बोट एका छोट्या मऊ खळग्यात उतरेल, आणि त्याच्या लगेच खाली पुन्हा एक कडक, आडवी कड लागेल. आता आवंढा गिळा. हे सगळं एकत्र वर जाऊन परत खाली येतं.

तो मऊ खळगा म्हणजे क्रिकोथायरॉइड पडदा. प्रौढ माणसात त्याची उंची साधारण एक सेंटिमीटर आणि रुंदी दोन-तीन सेंटिमीटर. कातडी, तिच्याखाली थोडी चरबी, मग हा पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे थेट श्वासमार्ग. बाहेरून श्वासमार्गात शिरायला मानेवर इतकी जवळची दुसरी जागा नाही. तोंडातून, नाकातून, कुठूनच ऑक्सिजन आत जात नसेल तेव्हा डॉक्टर या पडद्यातून छेद देऊन नळी घालतात. त्याला क्रिकोथायरॉइडोटॉमी म्हणतात, आम्ही भूलतज्ज्ञ बोलताना नुसतं ‘क्रायको’ म्हणतो.

माझ्या मते यातला छेद तसा सोपा आहे. अवघड असतं ते ‘आता छेद द्यायचा’ हे वेळेत ठरवणं. म्हणून आधी वेळेचा हिशेब समजून घेऊ.

शांत पडलेला प्रौढ माणूस मिनिटाला अंदाजे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत दोन-अडीच लिटर हवा शिल्लक असते. ती साधी हवा असेल तर तिच्यातला ऑक्सिजन अर्ध्या लिटरहूनही कमी भरतो, म्हणजे श्वास थांबल्यावर दोन मिनिटांचीही शिधा नाही. म्हणूनच भूल देण्यापूर्वी आम्ही रुग्णाच्या तोंडावर मास्क धरून तीन-चार मिनिटं शुद्ध ऑक्सिजन ओढायला लावतो. ‘काका, मोठे श्वास घ्या’ हे ऐकलं असेल तुम्ही. तीच जागा ऑक्सिजनने भरली की साठा दोन लिटरच्या आसपास जातो आणि धडधाकट माणसाला सात-आठ मिनिटं मिळतात. पण स्थूल माणूस, गरोदर बाई किंवा तापाने फणफणलेला रुग्ण असेल, तर तोच साठा दोन-तीन मिनिटांत संपतो.

हा साठा कसा संपतो तेही महत्त्वाचं आहे. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, आकडा १०० पासून ९० पर्यंत सावकाश येतो, आणि ९० च्या खाली गेला की घाटात ब्रेक सुटलेल्या गाडीसारखा घसरतो. शिवाय बोटावरचा आकडा प्रत्यक्षाच्या काही सेकंद मागे असतो. पडद्यावर ८० दिसतं तेव्हा फुप्फुसांत परिस्थिती त्याहून वाईट झालेली असते.

भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. मग ऑक्सिजन पोचवायचे तीन रस्ते आमच्या हातात राहतात. एक, लॅरिंगोस्कोपने स्वरयंत्र पाहून श्वासनलिकेत नळी घालणं. दोन, स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारा लॅरिंजियल मास्क. तीन, चेहऱ्यावर मास्क घट्ट धरून पिशवी दाबणं. यातला एक रस्ता बंद झाला म्हणून कोणी मान कापत नाही. नळी जात नाही पण मास्कने छाती छान फुगते आहे, तर घाई कसली? रुग्णाला ऑक्सिजन देत राहायचं, जमल्यास जागं करायचं, शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पद्धतीने करायची. नळी न जाणं हा क्रायकोचा संकेत नाही. संकेत एकच: नळी जात नाही, आणि इतर कुठल्याही मार्गाने ऑक्सिजनही जात नाही.

भारतातल्या भूलतज्ज्ञांसाठी अवघड श्वासमार्गाची जी मार्गदर्शक तत्त्वं २०१६ साली प्रसिद्ध झाली, त्यांनी हा क्रम नीट आखून दिला आहे. लॅरिंगोस्कोपने नळीचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन, तेही सॅच्युरेशन ९५ च्या वर असेल तरच. लॅरिंजियल मास्कचे प्रयत्न जास्तीत जास्त दोन. या सगळ्या काळात नाकातून ऑक्सिजन चालूच. मग स्नायू पूर्ण शिथिल आहेत याची खात्री करून चेहऱ्यावरच्या मास्कने एक शेवटचा प्रयत्न. तोही फसला की मदत बोलवा आणि क्रिकोथायरॉइडोटॉमी करा.

प्रयत्नांवर मर्यादा का? लॅरिंगोस्कोप आत गेला की दर वेळी थोडं खरचटतं, थोडं रक्त येतं, थोडी सूज येते. पहिल्या प्रयत्नानंतर मास्कने नीट ऑक्सिजन जात होता, तो पाचव्या प्रयत्नानंतर जातच नाही, असं होतं. श्वासमार्ग आपल्याच हाताने बंद होत जातो. ‘अजून एकदा बघतो’ हे तीन शब्द या प्रसंगात फार महागात पडतात.

त्याचं सर्वांत ठळक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २००५ साली एलेन ब्रॉमिली नावाच्या ३७ वर्षांच्या बाई सायनसच्या नेहमीच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाल्या. तब्येत उत्तम, घरी दोन लहान मुलं. भूल दिल्यावर लॅरिंजियल मास्क बसेना. चेहऱ्यावरच्या मास्कने ऑक्सिजन जाईना. नळीही जाईना. खोलीत अनुभवी भूलतज्ज्ञ होते, दुसरे भूलतज्ज्ञ मदतीला आले, कान-नाक-घशाचे सर्जनही तिथेच होते. सॅच्युरेशन ४० किंवा त्याखाली, आणि ते जवळजवळ वीस मिनिटं तसंच राहिलं. एका परिचारिकेने ट्रॅकिऑस्टॉमीचा, म्हणजे मान उघडून श्वासनलिकेत नळी घालण्याचा, ट्रे आणून ठेवला आणि तसं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट सांगून ठेवली. पण तिन्ही डॉक्टर नळी घालण्याच्या प्रयत्नात इतके गुंतले होते की वेळ कुठे पोचली याचं भान कुणालाच राहिलं नाही. मान कोणी उघडलीच नाही. एलेन शुद्धीवर आल्या नाहीत, तेरा दिवसांनी गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली विमानचालक. त्यांनी कुणाला शिक्षा व्हावी असा हट्ट धरला नाही. नेमकं काय घडलं ते स्वतंत्र चौकशीतून बाहेर यावं आणि सगळ्यांनी ते वाचावं, एवढाच त्यांचा आग्रह होता. आज भूलशास्त्र शिकणाऱ्या मुलांना ही घटना जगभर शिकवली जाते. ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे दर वेळी त्या दोन परिचारिका येतात. काय करायला हवं ते त्यांना कळलं होतं. पण ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची पद्धत त्या खोलीत नव्हती.

म्हणून आता शिकवतात की वेळ आली की भूलतज्ज्ञाने ठणकावून जाहीर करायचं: ‘नळी जात नाही, ऑक्सिजन जात नाही, मी मान उघडतोय.’ हे वाक्य उच्चारलं की खोलीतल्या सगळ्यांचं काम बदलतं. एकजण वरून मास्कने ऑक्सिजन देत राहतो, एकजण ट्रे उघडतो, एकजण घड्याळाकडे बघतो. आणि सॅच्युरेशन ५० वर यायची वाट कोणी बघायची नसते. तिन्ही रस्ते बंद आहेत हे कळलं आणि आकडा घसरतो आहे, एवढं पुरे.

काही रुग्णांत इतकं सगळं करून बघायलाही जागा नसते. अपघातात जबडा-चेहरा चिरडून तोंडात रक्तच रक्त भरलं आहे, ॲलर्जीने जीभ आणि घसा सुजून बंद झाला आहे, स्वरयंत्राच्या तोंडाशी काही अडकून बसलं आहे आणि चिमट्याने निघत नाही. तिथे वरचा रस्ता मुळातच बंद आहे हे दिसतं. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. अडथळा या पडद्याच्या वर असेल तरच क्रायकोचा उपयोग. वस्तू खाली श्वासनलिकेत उतरली असेल, किंवा मानेला मार बसून श्वासनलिकाच खाली तुटली असेल, तर वरून नळी घालून ऑक्सिजन फुप्फुसांपर्यंत पोचणार नाही.

आता पुन्हा मानेकडे. मघाशी तुमचं बोट ज्या दोन कडक गोष्टींवरून गेलं, त्यांतली वरची थायरॉइड कूर्चा. पुस्तक अर्धवट उघडून पुठ्ठे पुढे जोडून धरावं तशी तिची रचना आहे, आणि त्या जोडाचा पुढे आलेला कोपरा म्हणजे घाटी. खालची क्रिकॉइड कूर्चा. श्वासमार्गातल्या बाकीच्या कड्या मागून उघड्या असतात, ही एकच पूर्ण गोल असते. तिचा आकार खड्याच्या अंगठीसारखा आहे, फक्त खड्याची रुंद बाजू मागे. ही मागची भिंत आमच्या फार उपयोगाची. पाठीमागे अन्ननलिका असते, आणि पुढून घातलेलं पातं जरा खोल गेलं तरी ही कूर्चा आड येते.

स्वरतंतू पडद्याच्या वर जेमतेम एक सेंटिमीटरवर आहेत. पडद्याच्या वरच्या भागातून एक छोटी रोहिणी आडवी जाते. या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच: छेद पडद्याच्या खालच्या अंगाला, क्रिकॉइडच्या कडेजवळ द्यायचा. आणखी खाली, श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कडीवर थायरॉइड ग्रंथीचा मधला पट्टा आडवा पडलेला असतो. नेहमीची ट्रॅकिऑस्टॉमी त्या भागात करतात. ती निवांत, उजेडात, सर्जनच्या हातून छान होते. घाईत तिथे कापलं तर रक्ताने काही दिसेनासं होतं. आणीबाणीत आम्ही वरचा पडदा निवडतो तो यासाठी.

पडदा शोधताना एका बोटाने चाचपडत बसलं की फसायला होतं. विशेषतः बायकांच्या मानेवर आणि भरलेल्या मानेवर अनुभवी डॉक्टरांचीही जागा चुकते, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. नेहमीची चूक म्हणजे फार वर जाणं: घाटीच्या वर हायॉइड नावाचं हाड आहे, आणि त्या दोघांमधल्या खाचेलाच पडदा समजलं जातं. तिथे छेद दिला तर नळी स्वरतंतूंच्या वर निघते आणि कष्ट फुकट जातात. म्हणून आधी अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत सबंध स्वरयंत्र धरायचं, हस्तांदोलन करतो तसं. वर हायॉइडपासून सुरुवात करायची, ते डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचं, मग चिमटी खाली थायरॉइड कूर्चेच्या दोन्ही बाजूंवर आणायची, आणि त्याच चिमटीत स्वरयंत्र घट्ट धरून ठेवून तर्जनी मध्यरेषेवर पडद्यात उतरवायची. यात सगळी रचना हाताला कळते, आणि नंतर कापताना स्वरयंत्र इकडेतिकडे निसटत नाही. मान मागे वाकवली की पडदा आणखी उघडतो, म्हणून खांद्याखाली उशी सरकवायची.

छेदासाठी सामान तीन गोष्टींचं. दहा नंबरचं ब्लेड लावलेलं स्काल्पेल, बूजी आणि सहा नंबरची फुगा असलेली श्वासनळी. बूजी म्हणजे टोकाला जरा वाकलेली, लांब, लवचीक काडी. दहा नंबरचं ब्लेड रुंद असतं, त्यामुळे एकाच खुपसण्यात बूजी जाईल एवढी वाट होते. नळी सहाचीच, कारण पुरुषांना नेहमी घालतो ती आठची नळी या फटीतून जाणार नाही.

उजवा हात चालणारा डॉक्टर रुग्णाच्या डाव्या बाजूला उभा राहतो. डाव्या हाताच्या चिमटीत स्वरयंत्र, डावी तर्जनी पडद्यावर. उजव्या हातातलं पातं, धार स्वतःकडे करून, कातडी आणि पडदा यांतून एकदाच आडवं खुपसायचं. पडदा फुटल्याचं हाताला कळतं, आणि बहुधा रक्ताचे बुडबुडे वर येतात. पातं बाहेर काढायचं नाही. ते तिथेच उभं ठेवून नव्वद अंशांत फिरवायचं, धार रुग्णाच्या पायांकडे. आता हात बदलायचा: पातं डाव्या हातात घेऊन किंचित स्वतःकडे ओढायचं, त्यामुळे फट त्रिकोणी उघडते. उजव्या हाताने बूजीचं वाकडं टोक पात्याच्या पलीकडच्या अंगाला टेकवून त्याच्या कडेने आत सरकवायचं, मग बूजी पायांच्या दिशेला वळवून दहा-पंधरा सेंटिमीटर आत न्यायची. पातं काढायचं, कातडी ताणून धरायची, आणि बूजीवरून जेली लावलेली नळी गोल गोल फिरवत आत घालायची. बूजी काढायची, फुगा भरायचा, पिशवी जोडायची. सराव असेल तर एखाद्या मिनिटात होतं.

मग बघायचं यंत्राच्या पडद्यावर. नळी खरोखर श्वासनलिकेत असेल तर बाहेर येणाऱ्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा चौकोनी आलेख श्वासागणिक उमटतो. तो आला नाही तर नळी आत नाही, मग छाती हलल्यासारखी वाटो की न वाटो. फार मंद रक्ताभिसरणात आलेख बारका येतो, पण येतो. सॅच्युरेशनचा आकडा मात्र वर चढायला थोडा वेळ घेतो, तेव्हा त्याच्याकडे बघून लगेच हात-पाय गाळायचे नाहीत.

चुका बहुतेक ठरावीक जागी होतात. बूजी श्वासनलिकेच्या आत न जाता पुढच्या मऊ ऊतींत वाट काढते. आत असेल तर टोक कड्यांवरून खडखडत जातं आणि साधारण फांद्या फुटतात तिथे अडतं. ऊतींत असेल तर नुसतं मऊ लागतं. हे लक्षात न येता नळी घालून पिशवी दाबली, तर हवा कातडीखाली शिरते, मान फुगते आणि बोट दाबलं की चुरचुरते. मग पुन्हा जागा शोधणं जवळजवळ अशक्य होतं. दुसरी चूक नळी फार खोल घालण्याची. पडद्यापासून फुप्फुसांच्या फाट्यापर्यंतचं अंतर तोंडापासूनच्या मानाने फारच कमी, त्यामुळे नळी सहज उजव्या फांदीत जाते आणि एकच बाजू फुगते. फुगा आत दिसेनासा झाला की थांबायचं. रक्त येतं, पण बहुतेक वेळा नळी बसली की तिच्याच दाबाने कमी होतं.

सुईचं काय, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पडद्यातून जाड सुई-कॅन्युला घालणं चाकूपेक्षा कमी भीतीदायक वाटतं, आणि अनेक वर्षं तेच शिकवलं जायचं. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर गुंतागुंतींची देशव्यापी पाहणी झाली, तिचा अहवाल २०११ साली आला. त्यात भूलतज्ज्ञांनी आणीबाणीत केलेले कॅन्युलाचे सुमारे ६० टक्के प्रयत्न फसले होते, आणि शस्त्राने केलेले जवळजवळ सगळे यशस्वी झाले होते. ही तुलना तंतोतंत बरोबरीची नव्हती, कारण शस्त्राचे छेद बरेचदा सर्जननी दिलेले होते. तरी कॅन्युला का फसते ते समजण्यासारखं आहे. ती दुमडते, हलते, निसटते. तिच्या अरुंद भोकातून ऑक्सिजन ढकलायला मोठा दाब लागतो. आणि वरचा रस्ता पूर्ण बंद असेल तर आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला जागाच राहत नाही, फुप्फुस फुटू शकतं. सहा नंबरच्या नळीतून नेहमीच्या पिशवीने श्वास आतही जातो, बाहेरही येतो.

लहान मुलांचं गणित वेगळं. नवजात बाळात हा पडदा जेमतेम तीन मिलिमीटरचा, स्वरयंत्र उंचावर आणि मऊ. तिथे चाकूचा हा प्रकार बहुतेक तज्ज्ञ टाळतात आणि सुई किंवा सर्जनच्या हातची ट्रॅकिऑस्टॉमी यांकडे वळतात. तो स्वतंत्र विषय आहे.

आता एक रुग्ण घेऊ. तपशील अनेक रुग्णांतून एकत्र केलेले आहेत, पण चित्र आपल्याकडचं रोजचं आहे. चाळिशीतला माणूस, दहा-बारा वर्षं गुटखा. तोंड आधीच एक बोट उघडतं, कारण गुटख्याने गालांच्या आतली त्वचा दोरीसारखी ताठ झालेली. चार दिवसांपूर्वी खालची दाढ ठणकली, अंगावर काढलं, आता हनुवटीखाली मान लाकडासारखी कडक सुजली आहे. आडवं पडवत नाही, लाळ गळते, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा. पू काढायला शस्त्रक्रिया हवी.

अशा माणसाला झोपवून भूल देणं म्हणजे तिन्ही रस्ते एकदम बंद करणं. म्हणून त्याला बसवूनच, जागं ठेवून, नाकातून लवचीक दुर्बिणीवरून नळी घालायची असं ठरतं. पण त्याआधी सोनोग्राफीने मानेवर पडद्याची जागा शोधून कातडीवर पेनने मध्यरेषेची खूण केली. खूण करताना मान ज्या स्थितीत, त्याच स्थितीत ती खरी असते. मान मागे वाकवली की कातडी सरकते, म्हणून आडव्या रेषेपेक्षा मध्यरेषा जास्त भरवशाची. मान स्वच्छ केली, कान-नाक-घशाचे सर्जन हातमोजे घालून बाजूला उभे, ट्रे उघडा.

दुर्बीण नाकातून जाताना रक्त आलं, दृश्य लाल झालं, रुग्ण घाबरून धडपडू लागला. सॅच्युरेशन ९४, मग ८८. दुसरा प्रयत्न सोडून मास्क धरला, छाती हलेना. लॅरिंजियल मास्क घालायला तोंड उघडतच नाही. ७९. रुग्णाची शुद्ध हरपली. इथे तीन प्रयत्न आणि दोन प्रयत्न मोजत बसण्यात अर्थ नाही. जाहीर केलं, खांद्याखाली उशी गेली, शिथिल करणारं औषध दिलं.

सुजलेल्या मानेवर स्वरयंत्राची चिमटी भरेना, बोटाला खळगा लागेना. अशा वेळी आडवा छेद देऊन नशिबावर सोडायचं नसतं. मध्यरेषेवर उभा, आठ ते दहा सेंटिमीटर लांब छेद, खालून वर. मग पातं बाजूला ठेवून दोन्ही हातांच्या बोटांनी सूज फाकवत खोल जायचं, डोळ्यांवर विसंबायचंच नाही, कारण तिथे रक्ताशिवाय काही दिसत नाही. बोटाला थायरॉइड कूर्चेचा कठीण उतार लागला, डाव्या हाताने तो धरला, तर्जनी खाली खळग्यात गेली. तिथे आडवं पातं, वळवलं, बूजी कड्यांवर खडखडली, नळी आत. आलेख उमटला तेव्हा सॅच्युरेशन ५२ होतं, आणि अर्ध्या मिनिटाने ते चढायला लागलं.

नंतर याच भूलेत सर्जननी पू काढला आणि खाली रीतसर ट्रॅकिऑस्टॉमी करून वरची नळी काढली. क्रायकोची नळी दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, अशी जुनी शिस्त आहे. १९२१ साली शेव्हॅलिअर जॅक्सन या अमेरिकन डॉक्टरने उंचावर छेद दिलेल्या रुग्णांत स्वरयंत्राखाली श्वासमार्ग आकसतो हे दाखवलं, आणि त्यानंतर पन्नासएक वर्षं या छेदाला डॉक्टर जवळजवळ वर्ज्य मानत. त्याच्या बऱ्याच रुग्णांचं स्वरयंत्र आधीच आजाराने सुजलेलं होतं. १९७६ साली ब्रँटिगन आणि ग्रो यांनी ६५५ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यात ही गुंतागुंत फार थोडी होती, आणि छेदाला पुन्हा जागा मिळाली.

वाचकांपैकी ज्यांनी सिनेमात हॉटेलच्या टेबलावर चाकू आणि बॉलपेनने गळा उघडताना पाहिलं असेल, त्यांच्यासाठी: बहुतेक पेनांची नळी इतकी अरुंद असते की तिच्यातून पुरेसा श्वास येत-जात नाही, आणि जागा चुकली तर जीव जातो. घास अडकलेल्या मोठ्या माणसाला वाकवून पाठीवर पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून पोटावर पाच धक्के, हे आळीपाळीने करा आणि १०८ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. शुद्ध हरपली तर छाती दाबायला सुरुवात करा.

शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी मात्र सरावाची सोय स्वस्त आहे. मटणवाल्याला सांगून ठेवलं तर तो बोकडाचं नरडं स्वरयंत्रासकट बाजूला काढून देतो. ते ट्रेमध्ये ठेवून वर कातडीच्या जागी जाड चिकटपट्टीचे दोन थर ओढायचे, आणि डोळे मिटून चिमटीने पडदा शोधायचा. पहिल्या दिवशी मुलं पातं फिरवायचं विसरतात, किंवा हात बदलताना ते बाहेर ओढून घेतात आणि वाट हरवते. चौथ्या-पाचव्या नरड्याला हात आपोआप वळतो. बूजी कड्यांवरून गेल्याची ती बारीक खडखड तिथेच पहिल्यांदा बोटांना कळते. त्यानंतर दर भूल देताना, रुग्ण जागा असतानाच, त्याच्या मानेवर एकदा बोट फिरवून खळगा शोधून ठेवायचा. त्याला पाच सेकंद लागतात.